दुसऱ्या डावासाठी शुभेच्छा वगैरे

एखादा क्रिकेटपटू निवृत्ती जाहीर करतो, तेव्हा खरी धांदल उडते ती त्याच्या सहकाऱ्यांची. तो स्वतः सुटलेला असतो. सहकाऱ्याला मात्र तासाभराच्या आत दोघांचा एकत्र फोटो शोधायचा असतो, त्याखाली चार ओळी लिहायच्या असतात आणि त्या संघातल्या इतरांच्या आधी लोकांपर्यंत पोचवायच्या असतात. दुसऱ्या दिवशी लिहिलं तर लोकांना शंका येते की दोघांचं काहीतरी बिनसलं होतं. तिसऱ्या दिवशी लिहिलं तर खात्रीच पटते.

फोटोची निवड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दहा-बारा वर्षं एकत्र खेळलेल्या माणसांचे एकत्र फोटो ढिगाने असतात, पण त्यातून निवडला जातो तो लिहिणारा चांगला दिसत असलेला. त्यामुळे निरोपाच्या फोटोत बहुधा निरोप देणारा शतक झाल्यावर हेल्मेट काढून आकाशाकडे पाहत असतो, आणि ज्याला निरोप द्यायचा तो नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला गुडघ्यांवर हात टेकून दम खात असतो. काही फोटोंत तर त्याचा नुसता खांदा येतो. खांदा त्याचाच आहे हे पाठीवरच्या नंबराच्या अर्ध्या आकड्यावरून ओळखायचं.

मजकूर त्याहून सोपा. ‘भावा, काय प्रवास होता! तुझ्यासोबत ड्रेसिंग रूममध्ये बसायला मिळालं हे माझं भाग्य. तू खरा योद्धा आहेस. दुसऱ्या डावासाठी मनापासून शुभेच्छा.’ नाव खोडून दुसरं घातलं तरी हा मजकूर तसाच चालतो. फलंदाजाच्या जागी गोलंदाज निवृत्त झाला तर एकही शब्द बदलावा लागत नाही, हीच त्याची खुबी.

त्यातली ती दुसऱ्या डावाची शुभेच्छा मला कायम संशयास्पद वाटत आली आहे. ती जो देतो तो स्वतः क्रिकेट खेळलेला असतो, म्हणजे दुसरा डाव काय चीज असते हे त्याला चांगलं ठाऊक असतं. खेळपट्टीला भेगा पडलेल्या असतात. एक चेंडू घोट्याखालून जातो आणि त्याच जागी पडलेला पुढचा हनुवटीकडे येतो. बॅटच्या भोवती चौघेजण ओणवे होऊन उभे असतात आणि आपल्या डोक्यावर पहिल्या डावातली पिछाडी असते. निवृत्त माणसाच्या पुढच्या आयुष्याचं हे वर्णन बरोबर असेलही, पण त्याला शुभेच्छा कशाला म्हणायचं?

मोठ्या खेळाडूंच्या निरोपांतही मनापासून दाद द्यावी असे नमुने फार थोडे आहेत. सर्वात बिनतोड मला सुरेश रैनाचा वाटतो. १५ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी धोनीने इन्स्टाग्रामवर कळवलं की १९ वाजून २९ मिनिटांपासून मला निवृत्त समजावं. आता काय लिहावं या विवंचनेत देशभरातले क्रिकेटपटू असताना रैनाने त्याच संध्याकाळी लिहिलं की मीही तुझ्यासोबत या प्रवासाला निघतो, आणि स्वतःच निवृत्त झाला. यापुढे कुठलाही सहकारी कितीही गहिवरला तरी रैनाच्या पुढे जाऊ शकत नाही.

दुसरा नमुना सचिनचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर तो शेवटची कसोटी खेळला. भाषणाला उभा राहिला तेव्हा हातात नावांची यादी होती, कुणाचं नाव विसरायला नको म्हणून. त्याच कसोटीच्या वेळी ड्रेसिंग रूममध्ये विराट कोहलीने त्याला एक धागा देऊ केला. विराटच्या वडिलांनी विराटला दिलेला धागा, आणि वडील तोवर हयात नव्हते. सचिनने तो ठेवून घेतला नाही, ही वस्तू तुझ्याकडेच राहायला हवी म्हणून परत केला. मे २०२५ मध्ये विराटने कसोटीतून निवृत्ती घेतली, तेव्हा सचिनने निरोपात विराटच्या तीस शतकांचा पाढा वाचला नाही. त्याने तो धागा आठवला, आणि परत द्यायला आपल्याकडे तसा धागा नाही असं लिहिलं. तीस शतकं सगळ्यांनी पाहिली होती. धागा पाहणारे दोघेच होते. सहकाऱ्याने निरोप लिहायचा तो याच कारणासाठी, नाहीतर आकडे सांगायला स्कोअरबोर्ड आहेच.

हे सगळं शहाणपण मला आमच्या क्लबच्या यष्टिरक्षकाचा निरोप लिहायची वेळ आली तेव्हा सुचलं. आमचा क्लब कांगा लीगमध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची ही लीग १९४८ पासून चालू आहे आणि तिचं वैशिष्ट्य म्हणजे ती पावसाळ्यात खेळतात. बाकीचं जग पाऊस आला की खेळपट्टी झाकतं. इथे खेळपट्टी उघडी असते, मैदानावरचं गवत घोट्यापर्यंत वाढलेलं असतं आणि कव्हर ड्राइव्ह कितीही देखणा मारला तरी चेंडू दहा पावलांवर गवतात बसकण मारतो. धावा हव्या असतील तर हवेतून मारावं लागतं. अशा खेळपट्टीवर पडलेला चेंडू कधी घसरतो, कधी थबकतो, कधी खांद्याएवढा उसळतो, आणि फलंदाजाने तो सोडून दिला की तो कोणाच्या तरी अंगावर येतो. आमच्या क्लबमध्ये इतकी वर्षं तो अण्णाच्या अंगावर येत होता.

अण्णाने जूनमध्ये ग्रुपवर लिहिलं, ‘या वर्षीपासून मी थांबतोय. गुडघे.’ एवढंच. धोनीसुद्धा इतका थोडक्यात नव्हता, त्याने निदान गाणं तरी लावलं होतं. आमच्या सेक्रेटरीने मला फोन केला आणि म्हणाला, ‘तू लिहितोस ना मासिकात वगैरे? मग क्लबतर्फे एक मस्त निरोप लिही. दोन परिच्छेद. आणि शेवटी वर्गणीचं पण टाक, चौघांची राहिलीय.’

मी प्रथम आकडे शोधायला निघालो, कारण निरोपात आकडे असले की भारदस्त वाटतं. अश्विन डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनला थांबला तेव्हा ५३७ कसोटी बळी हा आकडा प्रत्येकाच्या तोंडी होता. अण्णाचे झेल आणि यष्टिचीत किती, हे शोधायला मी क्लबच्या कपाटातली जुनी स्कोअरबुकं काढली. कांगा लीगची स्कोअरबुकं ही वाचायची वस्तू नाही. पावसात भिजलेली, मग पंख्याखाली वाळवलेली पानं पापडासारखी वाजतात आणि शाई असलेल्या जागी निळे डाग असतात. गोलंदाजाचे बळी तेवढे लागतात, कारण स्कोअरर ते जोर देऊन लिहितो. झेल कोणी घेतला हे लिहायच्या वेळेला बहुधा तो छत्री सावरत असतो.

अण्णाविषयी स्वच्छ वाचता आली ती एकच गोष्ट, बाय. त्या मात्र प्रत्येक डावाखाली टिंब टिंब करून नोंदवलेल्या होत्या. यष्टिरक्षकाचं नशीबच असं आहे. चेंडू नीट पकडला तर स्कोअरबुकात काहीच लिहीत नाहीत, सुटला तर लिहितात. लेगस्टंपच्या बाहेर पडून उसळलेला चेंडू डावीकडे झेप घेऊन अडवला, चिखलात लोळला, चार धावा वाचवल्या, की त्या चेंडूसमोर एक ठिपका पडतो. आणि तो ठिपका गोलंदाजाच्या नावावर जमा होतो.

मग मी संघातल्या लोकांना विचारलं, अण्णाची एखादी आठवण सांगा. सलामीच्या फलंदाजाने सांगितलं, ‘मी मारलेल्या त्या पंचाऐंशी रन्स तुला आठवतात? त्या मॅचला अण्णा होता.’ मध्यमगती गोलंदाज म्हणाला की माझ्या सहा विकेट्समध्ये दोन झेल अण्णाचे होते, पण चेंडूच असे पडत होते की झेल कोणीही घेतला असता. आमच्या ऑफस्पिनरने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, ‘अण्णाने माझे तीन स्टंपिंग सोडलेत. तारखा सांगू?’ त्याला तारखा पाठ होत्या. रैनाचं उदाहरण मी कप्तानाला सांगितलं आणि आपल्यातलं कोणी अण्णासोबत निवृत्त झालं तर निरोप फार उठावदार होईल असं सुचवलं. कप्तानाने सलामीच्या फलंदाजाकडे पाहिलं. तेव्हापासून सलामीचा फलंदाज माझ्याशी बोलत नाही.

राहिलो मी. मी कित्येक पावसाळे पहिल्या स्लिपमध्ये उभा होतो, म्हणजे अण्णापासून दोन हातांवर. धाग्यासारखं काही ठाऊक असेल तर ते मलाच. आणि खरोखर पुष्कळ ठाऊक होतं. अडचण अशी होती की त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नव्हतं. ग्रुपवर अण्णाची मुलगी आहे, दोन अंपायर आहेत आणि विरुद्ध संघांचे सेक्रेटरीही आहेत.

उदाहरणार्थ, अण्णाचं बोलणं. ऑस्ट्रेलियन यष्टिरक्षक फलंदाजाला शिव्या देतात म्हणे. अण्णाने आयुष्यात कोणाला शिवी दिली नाही. तो फलंदाजाची चौकशी करायचा. ‘कुठून येता? बदलापूर? अरे बापरे. मग परत जाताना मेगाब्लॉकचं बघितलंत का?’ फलंदाजाने बघितलेलं नसायचं. रविवारचा दिवस, बाहेर पाऊस, आणि घरी कसं पोचायचं हा विचार एकदा डोक्यात शिरला की माणूस पुढच्या दोन षटकांत कुठेतरी आडवा फटका मारतोच. या रीतीने गेलेले बळी ऑफस्पिनरच्या खात्यावर जमा आहेत आणि त्यांच्या तारखा त्याला पाठ नाहीत.

अपिलांचंही तसंच. आझाद मैदानावर एका सामन्याचा पॉइंट हा शेजारच्या सामन्याचा डीप मिडविकेट असतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. अण्णाचं अपील इतकं खड्या आवाजात असे की शेजारच्या सामन्यातला फलंदाज एकदा बॅट काखेत मारून चालू लागला होता. त्यातली किती अपिलं खरी होती? मी स्लिपमध्ये होतो. मला ठाऊक आहे. पण ग्रुपवर अंपायर आहेत.

म्हणून मी त्याच्या कामाकडे वळलो, आणि तिथे लिहिण्यासारखं सापडलं. ओल्या खेळपट्टीवर ऑफस्पिनरसमोर यष्टींना चिकटून उभं राहायला छाती लागते. मागे उभं राहिलं तर वेळ मिळतो, पण यष्टिचीत हातचं जातं. पुढे उभं राहिलं की चेंडू पडल्यापासून हातात यायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाच अवकाश असतो, आणि मध्ये फलंदाजाचं अख्खं शरीर. यात चूक होते ती घाईने उठण्याची. यष्टिरक्षक आधी उठला की चेंडू खाली राहून दोन पायांतून जातो. अण्णा चेंडूचा टप्पा पडेपर्यंत बसून राहायचा आणि मग चेंडू जितका वर येईल तितकाच वर यायचा. चेंडू नीट घेतलाय की नाही हे स्लिपमधून न बघता कळायचं. हात चेंडूबरोबर मागे गेले तर ग्लोव्ह्जमधून ‘धप्प’ असा दबका आवाज येतो. हात चेंडूवर चालून गेले की ‘फाट्’ वाजतं आणि त्यानंतर बोट धरून कोणीतरी उड्या मारतं. पावसाने चेंडू दुप्पट जड झालेला असताना आणि आतले इनर पिळून घालावे लागत असतानाही अण्णाचा आवाज ‘धप्प’च यायचा.

आता तेच उठणं-बसणं गुडघ्यांवर आलं. पन्नास षटकं झाली म्हणजे तीनशे बैठका, वाइड आणि नोबॉल वेगळे. गेल्या हंगामात अण्णा उठताना त्याचा उजवा गुडघा ‘कट्’ असा वाजू लागला. सुरुवातीला आम्ही हसलो. मग विरुद्ध संघातल्या एका चाणाक्ष फलंदाजाच्या लक्षात आलं की मागे ‘कट्’ वाजलं नाही म्हणजे कीपर अजून खालीच आहे, चेंडू खाली राहिलाय, बॅट आडवी घालायची नाही. म्हणजे ज्या माणसाने जन्मभर फलंदाजांना मागून चुकीची माहिती पुरवली, त्याचा गुडघा आता त्यांना बरोबर माहिती देऊ लागला. त्या दिवशी त्या फलंदाजाने बऱ्याच धावा केल्या. अण्णाने पॅड काढले, वळकटी केली आणि टेंटमध्ये मला म्हणाला, ‘गुडघा फितूर झाला रे.’

विजय मर्चंट १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा करून कसोटीतून थांबले. लोकांनी ‘एवढ्यात का?’ विचारावं, ‘अजून का नाही?’ विचारू नये, हे तत्त्व त्यांच्याच नावावर सांगितलं जातं. आमच्या क्लबमध्ये ते लागू पडत नाही, कारण आमच्याकडे दुसरा यष्टिरक्षकच नसतो. इथे ‘अजून का नाही?’ असं कोणी विचारत नाही. ‘येत्या रविवारी आहेस ना?’ एवढंच विचारतात, आणि ते साठीपर्यंत विचारतात.

म्हणूनच निरोप फार ठाम लिहायचा नाही, असंही मी ठरवलं. इंग्लंडचा मोईन अली २०२१ मध्ये कसोटीतून निवृत्त झाला. सहकाऱ्यांनी रीतसर निरोप दिले असणार. २०२३ च्या ॲशेसच्या तोंडावर संघातला फिरकी गोलंदाज जखमी झाला, तेव्हा बेन स्टोक्सने त्याला एका शब्दाचा मेसेज पाठवला, ‘ॲशेस?’ मोईनला आधी ती थट्टा वाटली. मग तो खेळला, मालिका संपल्यावर पुन्हा निवृत्त झाला, आणि आता स्टोक्सचा मेसेज आला तर उडवून टाकीन म्हणाला. पहिल्या खेपेला ज्यांनी डोळे पुसत निरोप लिहिले त्यांनी दुसऱ्या खेपेला काय लिहायचं? मुंबईच्या मैदानात तर हा धोका दर रविवारी सकाळी असतो. अकरावा माणूस कल्याणला ट्रेनमध्ये अडकला की निवृत्ती संपते.

शेवटी मी लिहिलं ते असं:

‘अण्णा, तुझे झेल किती हे आता कोणालाच सांगता येणार नाही, स्कोअरबुक भिजलंय. बाय किती गेल्या ते सांगता येईल, पण तो हिशेब आम्ही फाडून टाकतोय. मी तुझ्या शेजारी उभा होतो म्हणून एक सांगतो. त्या तीन स्टंपिंगपैकी दोनदा चेंडू तुझ्या छातीवर लागला होता, आणि षटक संपेपर्यंत तू छाती चोळली नाहीस, कारण फलंदाज बघत होता. हे ऑफस्पिनरला मिडऑनच्या बाजूने दिसलं नाही. तिसरं मात्र तू सोडलंस. बदलापूरच्या त्या गृहस्थांनी तुझी आठवण काढली आहे, त्या दिवशी मेगाब्लॉक नव्हता म्हणे. गुडघ्याचं ऑपरेशन वेळेवर कर. डावबिव काही नाही, घरी बस आणि पाय लांब करून ठेव.’

सेक्रेटरीने वाचून विचारलं, ‘यात दिग्गज, योद्धा, प्रवास असं काहीच नाही?’ मी नाही म्हटलं. त्याने शेवटी स्वतःच एक ओळ जोडली आणि पाठवून दिलं: ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांनी याला श्रद्धांजली समजू नये, अण्णा ठणठणीत आहेत, पैसे रविवारपर्यंत भरावेत.

ऑफस्पिनरने पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही. त्याने तासाभराने अण्णाला स्वतंत्र मेसेज केला असं मला अण्णाकडून कळलं. काय लिहिलं होतं ते अण्णाने सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. अण्णाने मला उत्तर पाठवलं ते एकाच वाक्याचं, ‘तिसरंही लागलं होतं, तू तेव्हा मागच्या मॅचकडे बघत होतास.’

जाता जाता एक विनंती. आमच्याकडे यष्टिरक्षकाची जागा रिकामी आहे. दक्षिण मुंबईत रविवारी सकाळी पावसात पोचू शकेल असा कोणी ओळखीत असेल तर कळवावं. वयाची अट नाही. ग्लोव्ह्ज क्लबचे मिळतील, डाव्या हाताची अंगठ्याजवळची जाळी फाटली आहे, ती शिवून घ्यावी लागेल. इनर मात्र प्रत्येकाने आपापले आणायचे आहेत.